लीगल असोसिएटच्या जागेसाठी आलेला अर्ज कसा तपासावा: सनद, कामाचे क्षेत्र आणि ड्राफ्टिंगचा अनुभव

लीगल असोसिएटच्या जाहिरातीत बहुतेक वेळा तीन अटी असतात: बार कौन्सिलकडे नोंदणी, ठराविक क्षेत्रातले काम आणि ड्राफ्टिंगचा अनुभव. तिन्ही अटी एकाखाली एक छापलेल्या असल्या तरी त्या तपासायची रीत वेगवेगळी आहे. नोंदणी कागदावरून ठरते आणि तिचे उत्तर हो किंवा नाही एवढेच असते. क्षेत्राचा अनुभव प्रकरणांच्या तपशिलावरून कळतो. ड्राफ्टिंग मात्र रिझ्युमेतून कळतच नाही, ते उमेदवाराने लिहिलेला मसुदा वाचूनच ठरवावे लागते. ही माहिती अर्ज छाननाऱ्यांसाठी आहे, पण अर्ज करणाऱ्यानेही वाचली तर कोणते कागद आधीच जोडायचे ते त्याला कळेल.

समजण्यासाठी एक काल्पनिक अर्ज घेऊ. जाहिरात अशी आहे: राज्य बार कौन्सिलची सनद, वकिलीचा किमान 2 वर्षांचा अनुभव, वाणिज्यिक दावे व रेराचे काम, आणि दावा, कैफियत व अंतरिम अर्ज स्वतंत्रपणे तयार करता येणे. उमेदवार 2026 च्या सुरुवातीला अर्ज करतो आहे. रिझ्युमेच्या पहिल्याच ओळीत ‘5 वर्षांहून अधिक कायदेविषयक अनुभव’ असे आहे. खाली तारखा आहेत: 2019 ते 2021 इंटर्नशिप, नोव्हेंबर 2021 मध्ये सनद, जानेवारी 2022 ते डिसेंबर 2023 एका वकिलांच्या कार्यालयात ज्युनिअर, आणि जानेवारी 2024 पासून एका कंपनीच्या विधी विभागात पगारी नोकरी.

सनद आणि तिच्या तारखा

अधिवक्ता अधिनियम, 1961 प्रमाणे राज्य बार कौन्सिलच्या नोंदवहीत नाव आल्यावरच माणूस अधिवक्ता होतो. एलएलबीची पदवी ही त्यासाठीची पात्रता आहे, ती सनदेची जागा घेत नाही. रिझ्युमेत ‘एलएलबी उत्तीर्ण, नोंदणी प्रक्रियेत’ असे असेल तर पहिली अट पूर्ण झालेली नाही, उमेदवार कितीही हुशार वाटला तरी. नोंदणी क्रमांक असेल तर त्यावरून बरेच कळते. महाराष्ट्र व गोव्याच्या नोंदवहीतला क्रमांक MAH ने सुरू होतो आणि शेवटी नोंदणीचे वर्ष येते. ते वर्ष आणि रिझ्युमेतली तारीख जुळते का, ते आधी पाहावे.

दुसरा कागद अखिल भारतीय बार परीक्षेचा. 2009-10 या शैक्षणिक वर्षापासून पदवीधर झालेल्यांना सनद मिळाल्यावर ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, त्यानंतर ‘सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस’ मिळते. ही परीक्षा घेण्याचा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी 2023 मध्ये मान्य केला. म्हणून नुसती सनदेची प्रत पुरत नाही, दोन्ही प्रती मागाव्यात. आपल्या उमेदवाराची सनद 2021 ची आहे आणि परीक्षा त्याने 2023 च्या सुरुवातीला दिली, दोन वर्षांच्या मुदतीत. इथे अडचण नाही.

अडचण पुढे आहे आणि ती बहुतेक छाननीत निसटते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 49 प्रमाणे वकिली करणाऱ्या अधिवक्त्याला कोणाचीही पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी धरली की बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित ठेवावी लागते. म्हणजे जानेवारी 2024 पासूनचा कंपनीतला काळ हा कायद्याच्या कामाचा अनुभव जरूर आहे, पण वकिलीचा नाही. इंटर्नशिप तर सनदेच्या आधीचीच. उरतात जानेवारी 2022 ते डिसेंबर 2023 हे 24 महिने. ‘5 वर्षांहून अधिक’ म्हणणारा उमेदवार 2 वर्षांची अट जेमतेम पूर्ण करतो. तरी त्याला खोटारडा म्हणू नये, कारण त्याने ‘कायदेविषयक अनुभव’ लिहिले आहे आणि जाहिरातीने ‘वकिलीचा’ मागितला आहे. असा फरक दिसला की अर्ज बाद न करता टिपणात दोन आकडे वेगळे लिहावेत.

अनुभव सनदेपासून मोजायचा की परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून, यावरून वाद होतात. कनिष्ठ न्यायाधीशांच्या भरतीसाठी लागणारी तीन वर्षांची वकिली तात्पुरत्या नोंदणीच्या, म्हणजे बार परीक्षेआधी मिळालेल्या सनदेच्या, तारखेपासून मोजावी, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये सांगितले. खासगी कार्यालयाला तो निर्णय थेट लागू नाही, पण तीच रीत धरली तर सगळ्या उमेदवारांना एक माप लागते. जाहिरातीतच तसे लिहिलेले सर्वांत चांगले.

आता या उमेदवाराला एकच प्रश्न विचारायचा: नोकरी लागल्यावर सनद स्थगित केली का? केली असेल तर स्थगितीचे पत्र मागावे. नवीन कामात वकालतनाम्यावर सही करण्याआधी सनद पुन्हा चालू करून घ्यावी लागेल आणि त्याला वेळ लागतो, म्हणून रुजू होण्याची तारीख त्याप्रमाणे धरावी. बार कौन्सिलला कळवलेच नसेल तर ती गोष्ट आत्ताच समोर आलेली बरी.

कामाचे क्षेत्र

रिझ्युमेत ‘दिवाणी, फौजदारी, कौटुंबिक, कामगार, रेरा, बौद्धिक संपदा, वाणिज्यिक’ अशी ओळ आहे. दोन वर्षांच्या ज्युनिअरने एवढ्या सगळ्या क्षेत्रांत जबाबदारीचे काम केले असण्याची शक्यता कमी, पण ती सगळी प्रकरणे कार्यालयात असतील आणि तारखांना तो हजर राहिला असेल, हे सहज शक्य आहे. म्हणून ही यादी बाजूला ठेवावी आणि उमेदवाराकडून पाच-सहा प्रकरणांचा तक्ता मागावा. पक्षकाराचे नाव नको. न्यायालय किंवा प्राधिकरण कोणते, आपण कोणत्या बाजूने, प्रकरण कोणत्या टप्प्यावर होते आणि त्यात स्वतः काय केले, एवढे चार रकाने पुरतात. ‘सहाय्य केले’ असे जिथे येईल तिथे सहाय्य म्हणजे नेमके काय हे विचारावे. निवाडे शोधणे, झेरॉक्सचे संच लावणे आणि कैफियतीचा पहिला मसुदा लिहिणे, या तिन्ही कामांना ज्युनिअर मंडळी हाच शब्द वापरतात.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर (services.ecourts.gov.in) वकिलाच्या नावाने किंवा बार नोंदणी क्रमांकाने प्रकरणे शोधता येतात. नाव सापडले तर तो चांगला पुरावा आहे. सापडले नाही तर त्यावरून काहीच ठरवू नये. ज्युनिअरचे नाव अनेकदा वकालतनाम्यावर नसते आणि नोंद सीनियरच्या नावाने होते. या एका कारणावरून अर्ज बाद करणे अन्यायाचे आहे.

खरी ओळख कामाच्या सवयीतून पटते. वाणिज्यिक दाव्यात काम केलेल्याला दोन गोष्टी विचाराव्यात. तातडीचा अंतरिम दिलासा मागितलेला नसेल तर दावा लावण्याआधी काय करावे लागते? उत्तर: वाणिज्यिक न्यायालय अधिनियमाच्या कलम 12अ प्रमाणे दावापूर्व मध्यस्थी, आणि ती बंधनकारक आहे. कैफियत किती दिवसांत? समन्स बजावल्यापासून 30 दिवस, न्यायालयाने मुदत वाढवली तर कमाल 120 दिवस, त्यानंतर हक्क जातो. ज्याने हे काम हातात घेतले आहे त्याला 120 हा आकडा आठवावा लागत नाही. रेरासाठी: बिल्डरला अपील करायचे असेल तर आधी काय? कलम 43(5) खाली रक्कम जमा करणे. आपल्या उमेदवाराने वाणिज्यिकचे दोन्ही प्रश्न लगेच सोडवले, रेराला मात्र तो अडखळला. तक्त्यातही रेराचे एकच प्रकरण होते आणि त्यात त्याने फक्त कागद दाखल केले होते.

फौजदारी अनुभव वाचताना तारीख पाहावी. ‘कलम 482 खालील अर्ज केले’ याचा अर्थ 1 जुलै 2024 पूर्वी गुन्हा रद्द करण्याचा अर्ज असा होता. त्या दिवशी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 482 हे अटकपूर्व जामिनाचे कलम आहे आणि रद्द करण्याचा अधिकार 528 मध्ये गेला आहे.

ड्राफ्टिंग

नमुना म्हणून दोन मसुदे मागावेत, पक्षकारांची नावे आणि ओळख पटेल असा तपशील काढून. ही सूचना जाहिरातीत स्पष्ट लिहावी. पक्षकाराने वकिलाला सांगितलेली माहिती गोपनीय असते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 खाली. एवढे सांगूनही एखाद्याने नावांसह संपूर्ण फाइल पाठवली, तर मसुदा कितीही सुंदर असो, मी त्या अर्जाला पुढे नेणार नाही. उद्या आपल्या पक्षकारांची फाइलही अशीच बाहेर जाईल.

नमुन्याची मर्यादाही आहे. कार्यालयातला जुना मसुदा नावे बदलून दिलेला असू शकतो. म्हणून तासाभराची लेखी चाचणी घ्यावी आणि ती जाहिरातीतल्याच कामाची असावी. या उमेदवाराला दाव्याचा एक परिच्छेद दिला: ‘वादीने 10 जून रोजी माल पोहोचवला व प्रतिवादीने तो विनातक्रार स्वीकारला.’ सोबत प्रतिवादीची माहिती: माल 12 जूनला मिळाला आणि 14 जूनला दोषांबद्दल ई-मेल केला. काम एवढेच, कैफियतीतला उत्तराचा परिच्छेद लिहायचा.

इथे बहुतेक उमेदवार लिहितात: ‘सदर परिच्छेदातील मजकूर खोटा व लबाडीचा असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.’ वाक्य ओळखीचे आहे आणि वाणिज्यिक दाव्यात ते घातक ठरते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 8 प्रमाणे प्रत्येक विधान नेमकेपणाने नाकारावे लागते, मोघम नकार कबुलीसारखा धरला जाऊ शकतो. वाणिज्यिक दाव्यांसाठी घातलेला नियम 3अ त्याहून पुढे जातो: का नाकारतो याचे कारण आणि आपली वेगळी हकीकत असेल तर ती द्यावी लागते. शिवाय वरचे वाक्य माल मिळालाच नाही असेही सुचवते, आणि ते प्रतिवादीच्या स्वतःच्या ई-मेलशी जुळत नाही.

आपल्या उमेदवाराने माल मिळाल्याचे मान्य केले, तारीख 10 नसून 12 जून असल्याचे सांगितले, ‘विनातक्रार’ हा शब्द तेवढा वेगळा काढून नाकारला आणि 14 जूनच्या ई-मेलचा हवाला देऊन तो दस्तऐवजांच्या यादीत जोडायची नोंद केली. भाषा थोडी अवजड होती, पण ती दुरुस्त होते. काय मान्य करायचे हे कळणे शिकवायला फार वेळ लागतो.

त्याच्या अर्जावरचे टिपण मग असे होईल: सनद व परीक्षेचे प्रमाणपत्र पाहिले, वकिलीचा अनुभव 24 महिने, अट पूर्ण, कंपनीतला काळ वेगळा धरला, स्थगितीचे पत्र मागवले, वाणिज्यिक काम समाधानकारक, रेराचा अनुभव नाममात्र, ड्राफ्टिंग चांगले, मुलाखतीस बोलवावे. जाहिरातीत रेरा ही आवश्यक अट होती की इष्ट, हे मुलाखतीआधी कार्यालयाने ठरवावे आणि बाकीच्या उमेदवारांनाही तेच लावावे. आवश्यक असेल तर हा उमेदवार चांगला असूनही या जागेसाठी पात्र नाही, आणि त्याला तसे कारणासह कळवावे.