सीव्ही आला कुठून: भांडण युनिटचं नव्हतंच, साइजचं होतं

एक डेटा सेंटीमीटरमधे, दुसरा ग्रॅममधे, आणि यातला जास्त पसरलेला कोणता असं विचारलं की पुण्यातल्या कुठल्याही बीएस्सी स्टॅट्सवाल्याला झोपेतून उठवा, तो सांगेल सीव्ही काढ. म्हणजे कोइफिशियंट ऑफ व्हेरिएशन. एसडी, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेत त्याचं माप. त्याला मीनने, म्हणजे सरासरीने भागायचं, शंभरने गुणायचं, वरचं आणि खालचं युनिट एकमेकांना कटतं, उरतात नुसते टक्के, झाली तुलना. क्लासच्या नोट्समधे हे दीड ओळीत आटपतं आणि लगेच दोन बॅट्समनपैकी कन्सिस्टंट कोण हे गणित सुरू. पण हा आकडा मुळात कशासाठी निघाला हे बघितलं ना, तर तो कुठे चालतो आणि कुठे फसवतो हे आपोआप कळायला लागतं.

तर गोष्ट 1890 च्या दशकातल्या लंडनची. कार्ल पिअर्सन तिथे युनिव्हर्सिटी कॉलेजात गणिताचा प्रोफेसर होता, आणि स्टँडर्ड डेव्हिएशन हे नावसुद्धा त्यानेच त्याच सुमाराला रूढ केलं होतं. त्या काळात एक वाद जोरात होता, पुरुष बायकांपेक्षा जास्त 'व्हेरिएबल' असतात का. डार्विनपासून ही कल्पना चालत आलेली, आणि 1894 मधे हॅवलॉक एलिसने स्त्री-पुरुषांवरच्या आपल्या पुस्तकात ती ठासून मांडली. त्यातून लोक सरळ पुढची उडी मारायचे, की पसरट जास्त म्हणजे टोकाची माणसं जास्त, म्हणून अलौकिक बुद्धीचे लोक पुरुषांत जास्त, वगैरे. पिअर्सनचं म्हणणं असं की बाबांनो, आधी मोजा तर खरं, आणि मोजायचं तर साध्या, निरोगी शरीराची मापं घ्या, अपवादात्मक केसेसच्या याद्या नकोत.

पण मोजायला बसलं की लगेच अडचण. पुरुष सरासरीने उंच, जड. मग त्यांची एसडीसुद्धा मोठी येणारच की. जिथे वस्तूच मोठी तिथे इंचांमधला फरकही मोठा, त्यावरून 'जास्त व्हेरिएबल' म्हणायचं कसं? म्हणून 1896 मधे आनुवंशिकतेवरच्या एका लांबलचक पेपरमधे त्याने लिहिलं की दोन लिंगांची तुलना करताना त्यांचा आकार सतत ध्यानात ठेवावा लागतो, आणि व्याख्या दिली: V = 100 × σ / M, σ म्हणजे एसडी आणि M म्हणजे सरासरी. बघा, इथे दोन्हीकडे इंचच आहेत. युनिट कटतं हा बोनस, खरा मुद्दा लहान-मोठ्या साइजचा.

हे नीट दिसतं ते 1903 च्या पिअर्सन आणि अ‍ॅलिस ली यांच्या आकड्यांमधे. हजाराहून जास्त कुटुंबांतल्या लोकांच्या उंच्या त्यांनी गोळा केल्या होत्या. त्यात मुलग्यांची सरासरी 68.65 इंच, एसडी 2.71. मुलींची सरासरी 63.87, एसडी 2.61. नुसती एसडी बघितली तर मुलगे जास्त पसरलेले, एलिस खूश. आता भागून बघा. मुलगे 2.71 भागिले 68.65 म्हणजे 3.95 टक्के, मुली 2.61 भागिले 63.87 म्हणजे 4.09 टक्के. उलटलं! पण त्याच टेबलात वडील आणि आई घेतले तर वडिलांची एसडी 2.70 आणि सरासरी 67.68, आईची 2.39 आणि 62.48, म्हणजे सीव्ही 3.99 विरुद्ध 3.83, इथे परत पुरुषच थोडे पुढे. आणि हे 'थोडे' किती थोडे तेही बघायला हवं, कारण सीव्हीलाही सॅम्पलिंगची चूक, म्हणजे स्टँडर्ड एरर, असतेच, साधारण सीव्ही भागिले 2n चं वर्गमूळ, n म्हणजे मोजलेली माणसं. हजार माणसं धरली तर 4 टक्क्यांच्या सीव्हीला ती 0.09 च्या आसपास येते, आणि दोन गटांच्या फरकाला 0.13 च्या आसपास. म्हणजे मुलगे-मुलींमधला 0.14 चा फरक जेमतेम एका स्टँडर्ड एररइतका, आई-वडिलांमधला 0.16 चाही फार लांब नाही. दोन्हीकडून काहीच सिद्ध होत नाही, आणि एलिसच्या ठाम विधानाला तेवढंच उत्तर पुरेसं होतं. परीक्षेत मात्र आपण 3.95 आणि 4.09 बघून बिनधास्त 'मुली जास्त व्हेरिएबल' लिहून मोकळे होतो, एररचा विषयच निघत नाही.

पिअर्सनला उगाच संत करायला नको, तो युजेनिक्सचा, म्हणजे निवडक प्रजननाने माणसाचा वंश सुधारायच्या कल्पनेचा, कट्टर पुरस्कर्ता होता आणि त्या 1896 च्या पेपरमधेच वंशांच्या 'कार्यक्षमते'ची भाषा आहे. पण त्याच जागी त्याने एक प्रामाणिक शंका लिहून ठेवलीय, की आपण व्याख्या केली म्हणून हा आकडा तुलनेत खरंच अर्थपूर्ण ठरतो असं नाही, तो नुसती गणिताची एक सोय असू शकतो. ही शंका पुढे पुस्तकांमधून गळाली आणि फॉर्म्युला तेवढा राहिला. वाईट वाटतं, कारण वेगवेगळ्या युनिटची तुलना करायला गेलं की नेमकी तीच शंका आडवी येते.

कशी ते डाळिंबावर बघू. मार्केट यार्डात डाळिंबं बघितली असतील, साइज वजनावर आणि व्यासावर ठरते. समजा एका क्रेटमधल्या डाळिंबांचा सरासरी व्यास 8 सेमी, एसडी 0.4 सेमी. सीव्ही 5 टक्के. त्याच डाळिंबांचं वजन सरासरी 250 ग्रॅम, एसडी 37.5 ग्रॅम. सीव्ही 15 टक्के. नोट्सच्या हिशोबाने उत्तर तयार, वजन व्यासाच्या तिप्पट पसरलेलं. आता जरा थांबा, फळं तर तीच आहेत ना? वजन चालतं व्यासाच्या घनाप्रमाणे. व्यास 5 टक्क्यांनी वाढला तर 1.05 चा घन 1.158, म्हणजे वजन जवळपास 16 टक्क्यांनी वाढतं. तेव्हा व्यासाचा सीव्ही 5 असेल तर वजनाचा 15 च्या आसपास यायलाच हवा, त्यात वजनाचा स्वतःचा वेगळा असा पसारा काहीच नाही, घनाने केलेला गुणाकार आहे नुसता. उलट वजनाचा सीव्ही 22 आला असता तर मी कान टवकारले असते, म्हटलं असतं की काही फळं आतून सुकलेली आहेत किंवा आकार गोल नाहीत. आणि 15 पेक्षा बराच कमी, 9 वगैरे आला असता तर कुणीतरी वजनावर निवडून क्रेट भरलाय असा संशय घेतला असता. म्हणजे युनिट कटलं म्हणून दोन आकडे एका पातळीवर आले असं होत नाही. लांबी, क्षेत्रफळ, घनफळ यांची मुळातच वेगवेगळी घात असते, आणि ती घात टक्क्यांमधे तशीच्या तशी शिल्लक राहते.

यावर चांगला तोडगा 1966 मधे जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन याने मांडला, की सीव्हीऐवजी मापांचे लॉग घ्या आणि त्यांची एसडी काढा. युनिट बदलणं म्हणजे सगळ्या मापांना एकाच आकड्याने गुणणं, लॉगमधे ते नुसतं सगळीकडे सारखं मिळवणं होतं आणि एसडी हलत नाही, म्हणजे सेमीचे इंच केले तरी उत्तर तेच. नॅचरल लॉग घेतला आणि पसारा फार मोठा नसला, वीस-पंचवीस टक्क्यांच्या आत, तर ही एसडी सीव्हीच्या जवळपासच येते. शिवाय घन असेल तर लॉगची एसडी बरोब्बर तिप्पट होते, 'सुमारे' म्हणावं लागत नाही, त्यामुळे डाळिंबाच्या वजनाची लॉगची एसडी 3 ने भागून व्यासाच्या शेजारी ठेवली की काय ती खरी तुलना होते.

दुसरी अट शून्याची. पिअर्सनने सगळं मोजलं ते लांबी, वजन असलं, जिथे शून्य म्हणजे खरंच काही नाही. तपमानाचं तसं नाही. शिवाजीनगरचं हवामान खात्याचं ऑफिस, ज्याला आपण अजूनही सिमला ऑफिस म्हणतो कारण 1928 मधे ते सिमल्याहून इकडे आलं, तिथल्या दोन आवडत्या गोष्टी म्हणजे पाऊस आणि तपमान. मिलिमीटर आणि डिग्री, युनिट वेगळी, मग काढा सीव्ही? समजा एका महिन्याचं सरासरी तपमान 30 डिग्री सेल्सियस, एसडी 1.5. सीव्ही 5 टक्के. हेच फॅरनहाइटमधे मांडा, सरासरी 86, एसडी 2.7, सीव्ही 3.1 टक्के. केल्विनमधे सरासरी 303.15, एसडी परत 1.5, सीव्ही अर्धा टक्का. हवा तीच, महिना तोच, आणि उत्तरं तीन, कारण सेल्सियसचा शून्य बर्फावर ठेवलाय आणि फॅरनहाइटचा आणखी कुठेतरी. एखाद्या थंड गावात सरासरी शून्याजवळ गेली की सीव्ही आभाळाला भिडतो, शून्याखाली गेली की चक्क ऋण येतो. तेव्हा पाऊस जास्त बेभरवशाचा की तपमान, हा प्रश्न सेल्सियसवर सीव्ही काढून सुटत नाही, कितीही व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड आले तरी.

पावसाला मात्र सीव्ही मस्त बसतो, तिथे शून्य म्हणजे थेंबही नाही. देशाचा जून ते सप्टेंबरचा सरासरी पाऊस, 1971 ते 2020 च्या आकड्यांवरून, 87 सेंटीमीटर धरतात, आणि वर्षावर्षातला सीव्ही सुमारे 10 टक्के. म्हणूनच सरासरीच्या 90 टक्क्यांखाली गेला की खातं त्याला तुटीचा म्हणतं आणि 110 च्या वर गेला की अतिरिक्त, म्हणजे दोन्ही रेषा जवळपास एकेका एसडीवर पडतात. पण हे 10 टक्के अख्ख्या देशाची बेरीज केल्यावरचे आहेत, एका भागातली तूट दुसऱ्या भागातल्या जादा पावसाने भरून निघते म्हणून आकडा इतका आवरलेला दिसतो. एकटा तालुका घेतला की सीव्ही बराच वर जातो, आणि घाट ओलांडून पर्जन्यछायेत उतरलं की आणखी वर. गोल आकड्यांत समजा, घाटमाथ्यावर 5,000 मिमी आणि एसडी 1,000, तर सीव्ही 20 टक्के. पूर्वेकडे 500 मिमी आणि एसडी 150, तर 30 टक्के. मिलिमीटरमधे बघितलं तर घाट साडेसहापट उनाड, टक्क्यांत बघितलं तर शेतकऱ्याची झोप उडवणारा पूर्वेकडचा. इथे दोन्हीकडे युनिट एकच आहे, मिलिमीटर, आणि तरीही सीव्हीशिवाय भागत नाही, कारण प्रश्न पिअर्सनचाच आहे, लहान-मोठ्याचा. फक्त एक बघायचं, दोनच ठिकाणांवर न थांबता बरीच केंद्रं घेऊन सरासरी आडवी आणि एसडी उभी मांडायची. ठिपके शून्यातून निघणाऱ्या एका सरळ रेषेवर बसले तर सगळीकडे सीव्ही साधारण सारखाच आहे, फरक नुसता साइजचा. आणि रेषेच्या वर उडालेले ठिपके दिसले तर ती केंद्रं त्यांच्या पावसाच्या मानाने खरोखरच लहरी आहेत.