विजोड वाचन चाचणी (कॅलिब्रेशनमधील)

कॅलिब्रेशन (अंशशोधन) करताना एकाच संदर्भ वजनाची लागोपाठ घेतलेली वाचने परस्परांशी जुळतात. त्यातले एखादेच दूर पडले तर ते बाकीच्यांच्याच गोतातले आहे की परके, हे ठरवण्याची संख्याशास्त्रीय रीत म्हणजे ही चाचणी. अशा वाचनाला ‘विजोड मूल्य’, ‘बाह्यस्थ मूल्य’ अशी नावे आहेत; प्रयोगशाळांत ‘आउटलायर’ हाच शब्द रुळला आहे. चाचणी फक्त संशय किती सबळ आहे ते सांगते. वाचन वगळायचे की ठेवायचे, हा निर्णय तिच्यानंतरचा आणि वेगळा असतो. प्रस्तुत नोंदीत इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पुनरावृत्ती परीक्षेपुरता या निर्णयाचा विचार केला आहे.

उगम. दूरचे निरीक्षण टाकावे की टाकू नये, हा वाद खगोलवेत्त्यांपासूनचा आहे. डॅनिएल बर्नुली यांनी १७७७ च्या सुमारास, केवळ दूर आहे म्हणून निरीक्षण टाकण्याच्या प्रथेवर आक्षेप घेतला होता. टाकण्यासाठी गणिती निकष मांडण्याचा पहिला मान सामान्यतः अमेरिकी गणितज्ञ बेंजामिन पीअर्स यांना (१८५२) दिला जातो. इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी त्याला लवकरच विरोध केला. विल्यम शोव्हने यांचा १८६३ चा सोपा निकष काही अभियांत्रिकी पाठ्यपुस्तकांत अजून आढळतो. मात्र वाचने वाढली की त्यात निर्दोष वाचन टाकले जाण्याची शक्यताही वाढत जाते, म्हणून कॅलिब्रेशनसाठी तो न वापरलेलाच बरा.

आज ज्या चाचणीला ग्रब्स यांचे नाव आहे तिच्या जनकत्वाबद्दल मात्र थोडे सांभाळून बोलावे लागते. नमुन्याच्याच प्रमाण विचलनाने अंतराला भागण्याची कल्पना डब्ल्यू. आर. थॉम्पसन यांच्या १९३५ च्या लेखात आहे. १९३६ मध्ये एगॉन पिअर्सन आणि भारतीय संख्याशास्त्रज्ञ सी. चंद्रशेखर यांनी तिचे गुणदोष तपासले. दोन विजोड वाचने असली की ती एकमेकांना झाकतात, हा या पद्धतीचा मूळ दोष त्यांनीच दाखवून दिला. फ्रँक ग्रब्स यांचा लेख १९५० चा, आणि प्रत्यक्ष वापराला सोयीचे विवेचन १९६९ चे. त्यामुळे ग्रब्स यांना शोधकापेक्षा व्यवस्था लावणारे म्हणणे अधिक रास्त ठरेल. विल्फ्रिड डिक्सन यांची अंतरांच्या गुणोत्तरांवरची चाचणीही १९५०-५१ चीच. हाती कॅल्क्युलेटर नसण्याच्या काळात ती रसायनशाळांत लोकप्रिय झाली.

रीत. सर्व वाचनांची सरासरी (x̄) आणि प्रमाण विचलन (s) काढतात. संशयित वाचनही या हिशेबात धरलेले असते. मग

G = |x − x̄| / s

ही संख्या कोष्टकातील सीमामूल्याशी ताडून पाहतात. दहा वाचनांसाठी हे मूल्य ५ टक्के पातळीवर २.२९० आणि १ टक्का पातळीवर २.४८२ आहे. दोन्ही मूल्ये द्विपार्श्वी आहेत. वर पडेल की खाली, हे आधी ठाऊक नसताना डोळ्यांना खुपलेले वाचन तपासले जाते, म्हणून द्विपार्श्वी कोष्टकच घ्यावे. आयएसओ ५७२५ या मानकात ५ ते १ टक्क्यांच्या मधले मूल्य ‘संशयित’ म्हणून ठेवतात आणि १ टक्क्यापलीकडचे ‘विजोड’ धरतात. ते मानक मुळात अनेक प्रयोगशाळांच्या तुलनेसाठी आहे. एका काट्याच्या दहा वाचनांना ते उसने घेतले जाते, एवढे भान असावे.

‘सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपलीकडचे टाका’ हा तोंडी नियम येथे चालतच नाही. G ची कमाल किंमत (n−१)/√n एवढीच असू शकते. दहा वाचनांत ती २.८४६ येते. म्हणजे दहापैकी एक वाचन कितीही बहकले, अगदी एका किलोऐवजी दोन किलो दाखवले, तरी तीनची मर्यादा ओलांडली जाणार नाही. ते प्रथम शक्य होते अकरा वाचनांना.

उदाहरण. हिंगणघाट, वणी या भागातील जिनिंगमध्ये कापसाचा रुई-उतारा काढण्यासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा असतो असे समजू. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि खोलीत कूलर, ही विदर्भातली नेहमीची स्थिती. एफ-१ वर्गाचे १ किलोचे वजन (अनुज्ञेय त्रुटी ५ मिलिग्रॅम) गाडीच्या डिकीतून उतरवून लगेच पारड्यावर ठेवले तर तापलेल्या वजनाभोवती हवा वर चढते, काटा कमी दाखवतो आणि वजन निवेल तशी वाचने हळूहळू वाढत जातात. अशा मालिकेतले पहिले वाचन विजोड नसते, तो कल असतो. चाचणी वाचने स्वतंत्र आहेत आणि प्रसामान्य वाटपातली आहेत हे गृहीत धरते; कलाला ती लावणे चूक. म्हणून वजने आदल्या दिवशीच खोलीत आणून ठेवतात, काट्यावर एकदा पूर्ण भार ठेवून काढतात आणि हिशेबाआधी वाचने घेतलेल्या क्रमाने मांडून पाहतात.

वजन प्रत्येक वेळी पारड्याच्या मध्यावर ठेवून, मधे शून्य पाहून, स्थिरतेची खूण आल्यावर घेतलेली दहा वाचने अशी आली: १०००.०२, १०००.०३, १०००.०१, १०००.०२, १०००.०४, १०००.०३, १०००.१३, १०००.०२, १०००.०३, १०००.०२ ग्रॅम. कल दिसत नाही. सातवे तेवढे वेगळे. सरासरी १०००.०३५ आणि प्रमाण विचलन ०.०३४४ येते. G = ०.०९५ ÷ ०.०३४४ = २.७६. हे २.४८२ च्याही पुढे, म्हणजे १ टक्का पातळीवर विजोड. सातवे काढले तर उरलेल्या नऊंची सरासरी १०००.०२४ आणि प्रमाण विचलन ०.००९ ग्रॅम होते.

सरासरी फक्त ०.०११ ग्रॅमने हलली, पण प्रमाण विचलन चौथाईवर आले. मोह नेमका इथे असतो. पुनरावृत्ती परीक्षेत प्रमाण विचलन हेच मोजायचे असते आणि तेच प्रमाणपत्रातील अनिश्चिततेत जाते. मोजायच्या गुणाचाच मोठा भाग कागदावरून पुसला जाण्याची ही वेळ असते. म्हणून सरासरीसाठी केलेल्या मापनात जेवढ्या सहजतेने विजोड वाचन सोडता येते, तेवढ्या सहजतेने येथे सोडता येत नाही.

वगळणे केव्हा रास्त. कारण सापडले असेल, ते त्याच वेळी नोंदलेले असेल आणि ते काट्याच्या रोजच्या वापराचा भाग नसेल, तर. सातव्या वाचनाला वजन पारड्याच्या कडेला टेकले, आकडा लिहिताना चूक झाली, लोडशेडिंगनंतर वीज नुकतीच आली होती आणि काटा तापलेला नव्हता, ही अशी कारणे. पहिल्या दोन्हींत तर चाचणीची गरजही नसते. कारण स्वच्छ असले की G कितीही लहान असो, वाचन बाद.

कूलरचे तसे नाही. सातव्या वाचनाच्या वेळी कूलरचा झोत पारड्यावर आला हे कारण खरे, पण उतारा काढणारा माणूस हंगामातही त्याच झोतात वजन करणार असेल तर ते वाचन काट्याच्या कामाचे खरे चित्र आहे. अशा वेळी दोनच मार्ग उरतात. काट्याला काचेचे आवरण बसवून किंवा कूलरचे तोंड फिरवून कायमचा बंदोबस्त करायचा आणि दहाची नवी मालिका घ्यायची. नाहीतर दहाही वाचने धरून ०.०३४ हेच द्यायचे. सातव्या वाचनाच्या जागी अकरावे घेऊन दहा पूर्ण करणे, हा मधला मार्ग सर्रास दिसतो. तो अमान्य, कारण त्यात नवे वाचन ‘चांगले’ येईपर्यंत घेतले जाते.

कारण सापडलेच नाही तर? यावर जाणकारांत एकमत नाही. १ टक्का पातळीवरचे वाचन कारणाविनाही सोडावे, असे काही मानतात. पुनरावृत्ती परीक्षेपुरते तरी, मालिका पुन्हा घ्यावी आणि तसे वाचन दुसऱ्यांदा आले तर तो काट्याचा दोष समजावा, हे मत जास्त टिकाऊ वाटते. भारकोशाखाली (लोडसेल) अडकलेला कापसाचा तंतू किंवा सरकी अशीच मधूनमधून आकडा उडवते. जिनिंगमध्ये पारडे उचलून खाली पाहणे, हा कोष्टक उघडण्याआधीचा उपाय आहे.

चाचणी फसते कुठे. सातव्यासोबत आठवे वाचनही १०००.१२ आले असते तर सरासरी १०००.०४५, प्रमाण विचलन ०.०४३ आणि १०००.१३ साठी G फक्त १.९८ आले असते. म्हणजे दोन बहकलेली वाचने असूनही चाचणी बिनबोभाट पार. चंद्रशेखर यांनी दाखवलेले झाकणे ते हेच. आलेख मांडला असता तर दोन्ही ठिपके लगेच दिसले असते.

उलट बाजूही आहे. ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर नऊ वाचने १०००.० आणि एक १०००.१ आले, तर G बरोबर २.८४६ येते आणि चाचणी १ टक्का पातळीवरही वाचन विजोड ठरवते. प्रत्यक्षात शेवटचा अंक एका घराने हलला, एवढेच झाले आहे. नऊ सारखी आणि एक वेगळे असले की फरक कितीही असो, G तेवढेच येते. त्यामुळे वाचनांचा पसारा काट्याच्या एका घराएवढाच असेल तेथे ही चाचणी लावू नये. वरच्या उदाहरणात सातवे वाचन त्याच्या लगतच्या मोठ्या वाचनापासून नऊ घरे दूर होते, म्हणून तिला अर्थ होता. एक वाचन काढल्यावर उरलेल्यांवर तीच चाचणी पुन्हा पुन्हा चालवणे हाही प्रचलित दोष. उरलेल्या नऊंत १०००.०४ साठी G १.७६ येते, सीमा २.२१५ आहे, तेव्हा येथे तो प्रश्न उद्भवत नाही.

वगळण्याचा परिणाम कामावर अवलंबून असतो. एक किलो कापसाच्या उताऱ्यात ०.१ ग्रॅमने ०.०१ टक्क्याचा फरक पडतो, तो कोणाच्याही लक्षात येणार नाही. त्याच काट्यावर ओलावामापकाची पडताळणी करण्यासाठी ५ ग्रॅमचा नमुना भट्टीत सुकवून तोलला, तर तेवढीच चूक ओलाव्यात २ टक्क्यांची होते. खरेदीत ८ ते १२ टक्के ओलाव्याच्या दरम्यान भाव कापला जातो, हे पाहता कास्तकाराच्या दृष्टीने ही निम्मी पट्टी झाली.

नोंदवहीत वगळलेले वाचन खोडरबराने पुसत नाहीत किंवा त्यावर गिरवतही नाहीत. आकडा वाचता येईल अशी एकच आडवी रेघ, शेजारी कारण, वेळ आणि सही. प्रमाणपत्रात किती वाचने घेतली आणि किती धरली, हे दोन्ही आकडे देतात.