दहा वर्षं जुनी स्कूटी: फुल विमा घ्यायचा की नुसती थर्ड पार्टी, कागदपत्रं काय लागतात आणि अर्ज कसा करायचा

अमळनेर, पारोळा, चोपडा, कुठंही जा, घरोघरी एक जुनी स्कूटी असतेच, दूध आणायला, भाजीबाजाराला, पोराला क्लासला सोडायला दिवसभर तीच पळते. तिचा विमा संपला की दुकानात पहिला सवाल एकच, "कितला पैसा लागतीन भो?" मग एजंट सगळ्यात स्वस्त ती थर्ड पार्टी काढून देतो, कारण गाडीचीच किंमत आता पंधरा-अठरा हजार राहिलीय, मग फुल विमा कशाला. गाडीपुरता हा हिशोब बरोबर आहे, पण गाडीच्या मागं कोण बसतं ते त्यात कोणी धरतच नाही, आणि माझ्या मते सगळा निर्णय तिथंच आहे.

आधी थर्ड पार्टी म्हणजे काय ते बघू. मोटार वाहन कायदा 1988, कलम 146, त्यानुसार रस्त्यावर गाडी काढायची तर एवढा विमा लागतोच, गाडी नवी असो की जुनी. नाही काढला आणि पकडले गेलात तर पहिल्यांदा 2000 रुपये दंड, दुसऱ्यांदा 4000, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तुमच्या गाडीमुळं दुसरा कोणी जखमी झाला किंवा मेला तर भरपाई कंपनी भरते आणि त्याला वरची मर्यादा नाही, दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान मात्र दुचाकीला एक लाखापर्यंतच. याचा दर सरकारी असतो, 1 जून 2022 पासूनच्या दरपत्रकात 75 ते 150 सीसीला 714 रुपये, टॅक्स वेगळा, आपल्या बहुतेक स्कूट्या याच गटात येतात. नवं दरपत्रक आलं की आकडा बदलतो, पण एका वेळी तो सगळ्या कंपन्यांना सारखाच, म्हणून थर्ड पार्टीत "आमच्याकडे स्वस्त" असं कोणी म्हणत असेल तर त्यात काय काय गाळलंय ते विचारा.

आता मुख्य गोष्ट. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत तुमच्या मागं बसलेला माणूस धरलेला नसतो. बऱ्याच जणांना वाटतं की मी सोडून बाकी सगळे थर्ड पार्टी, मग बायको, आई, पोरगी सगळे आलेच, पण तसं नाही, सुप्रीम कोर्टानं 2006 मध्येच टिळक सिंग यांच्या केसमध्ये सांगितलंय की नुसत्या कायद्यापुरत्या पॉलिसीत फुकट मागं बसवलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे ज्याला आपण फुल विमा म्हणतो त्यात, मागं बसणारा धरला जातो, विमा नियामकानं नोव्हेंबर 2009 मध्ये सगळ्या कंपन्यांना तसं लेखी कळवलेलं आहे. समोरच्या गाडीची चूक असेल तर भरपाई त्या गाडीच्या विम्यातून येते, तिथं प्रश्न नाही. प्रश्न येतो तो चूक आपली असली किंवा समोर दुसरी गाडीच नसली तर.

समजा अमळनेरच्या एक ताई सासूबाईंना मागं बसवून दवाखान्यात चालल्यात, मधेच गाय आडवी आली, ताईंनी घाईत ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं. समोर कोणती गाडीच नाही, मग दावा करायचा कोणावर? नुसती थर्ड पार्टी असेल तर ऑपरेशनचा सगळा खर्च घरातून. पॅकेज असेल तर ताईंची हयगय झाली असं दाखवून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सासूबाई भरपाई मागू शकतात आणि ती देण्याची जबाबदारी कंपनीवर येते. वेळ लागतो, वकील लागतो, पण दार उघडं राहतं.

त्याच पडण्यात गाडीचं काय झालं तेही बघा, म्हणजे गाडीचा क्लेम किती मिळतो हा अंदाज येईल. गाडीची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत लिहिलेली किंमत, धरा 18,000. पाच वर्षांच्या पुढं ही किंमत ठरलेल्या टक्क्यांनी निघत नाही, तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. गॅरेजचं बिल आलं 6400: प्लॅस्टिकचे पार्ट 2600, लोखंडी पार्ट 2400, मजुरी 1400. प्लॅस्टिकवर 50 टक्के कापतात, गाडीचं वय काही असो. लोखंडावर पाच ते दहा वर्षांपर्यंत 40 आणि दहाच्या वर 50 टक्के. आपली गाडी दहाच्या वर गेली असं धरलं तर प्लॅस्टिकचे 1300, लोखंडाचे 1200 आणि मजुरी पूर्ण 1400 मिळून 3900, त्यातून दुचाकीला सक्तीचे 100 वजा, हातात 3800. खिशातून 2600 गेले. झिरो डेप, म्हणजे पार्टवर ही कपात न होणारं कव्हर, घेतलं असतं तर, असं वाटेल, पण एवढ्या जुन्या गाडीला ते सहसा कोणी देत नाही.

याच गाडीचा गाडीपुरता हप्ता, ज्याला ओडी म्हणतात, धरा वर्षाला 320. पाच वर्षं क्लेम नसेल तर एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची सवलत, 50 टक्के, मग हप्ता 160 च. थर्ड पार्टी आणि फुल यातला सगळा फरक एवढाच आहे, आणि मागं बसणाऱ्याचं संरक्षण याच फरकात येतं. एनसीबी जाईल म्हणून लोक क्लेमच करत नाहीत, महाग नव्या गाडीला ते पटतं, इथं वर्षाला जास्तीत जास्त 160 रुपयांसाठी 3800 सोडायचे म्हणजे उलटा हिशोब झाला. फक्त दुरुस्तीचा अंदाज आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला, इथं 13,500 च्या वर, तर कंपनी गाडी पूर्ण बाद धरते, दुरुस्तीचे पैसे न देता आयडीव्हीचा हिशोब करते. जुन्या गाडीला ही पायरी लवकर येते म्हणून आयडीव्ही उगाच दहा हजारावर आणून हप्त्यात पाच-पन्नास वाचवू नका.

नुसती थर्ड पार्टी कोणी घ्यावी? ज्याच्या मागं कधीच कोणी बसत नाही, गाडी आवारात आत उभी राहते आणि चोरी गेली तरी चालेल इतकी ती झिजलीय, त्यानं. बाकी इंजिन जाम होणं, जुनी वायरिंग, झिजलेले टायर हे कोणत्याच पॉलिसीत येत नाही, फुल म्हणजे सर्व्हिसिंग फुकट असा कोणाचा समज असेल तर तो काढून टाका. आणि दुकानाचा माल वाहून नेणं किंवा पैसे घेऊन डिलिव्हरी करणं हे खाजगी गाडीच्या पॉलिसीत बसत नाही, घरची भाजी-किराणा आणायला हरकत नाही.

चालवणारा मालक स्वतः थर्ड पार्टी नसतो, त्याच्यासाठी 15 लाखाचं वैयक्तिक अपघात कव्हर असतं आणि ते दोन्ही पॉलिसींसोबत घ्यावं लागतं. दुसऱ्या गाडीच्या पॉलिसीत किंवा वेगळं तेवढं कव्हर आधीच असेल तर परत लागत नाही, तसं लिहून द्यायचं. यात मृत्यू आणि कायमचं अपंगत्व येतं, दवाखान्याचं बिल येत नाही. आणि हे फक्त आरसीवर नाव असलेल्या, चालू लायसन्स असलेल्या मालकालाच मिळतं. आरसी वडिलांच्या नावावर आणि रोज गाडी पोरगा फिरवतो, हे आपल्याकडे फार आहे, त्या पोराला या 15 लाखातलं काही मिळणार नाही. वडील वारले असतील तर पॉलिसी त्या तारखेपासून तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, जे आधी येईल तेवढंच चालते, म्हणून आधी वारसाच्या नावावर आरसी करून घ्या, मगच नवा विमा.

कागदपत्रं जास्त नाहीत. आरसी, जुन्या पॉलिसीची प्रत, केवायसीसाठी आधार आणि पॅन (1 जानेवारी 2023 पासून केवायसी सक्तीची आहे), मोबाईल नंबर, नॉमिनीचं नाव-वय-नातं, आणि चालू पीयूसी हाताशी ठेवा, दहा वर्षं जुन्या बहुतेक गाड्यांची पीयूसी सहा महिन्यांनीच संपते हे विसरायला होतं. आरसीवरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी एकदा जुळवा, एक आकडा चुकला की क्लेमच्या वेळी चकरा सुरू होतात. जळगावचा MH-19, धुळ्याचा MH-18, नंदुरबारचा MH-39, पण गाडी पुण्या-नाशिकहून घेतलेली असेल तर आरसीवर अजून जुन्या मालकाचं नाव नाही ना ते आधी पाहा. विकत घेतल्यावर 14 दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं, थर्ड पार्टी आपोआप नव्या मालकाकडे येते, गाडीपुरता भाग मात्र कळवल्याशिवाय येत नाही.

अर्ज कंपनीच्या वेबसाईटवर, शाखेत किंवा एजंटकडे, कुठंही करा, गाडी नंबर टाकला की बरीच माहिती आपोआप येते. तिथं पॅकेज की लायबिलिटी ओन्ली, म्हणजे नुसती थर्ड पार्टी, हे तुम्ही स्वतः निवडा, एजंटवर सोडू नका. गेल्या वर्षी क्लेम घेतला असेल तर तसंच सांगा, खोटा एनसीबी लावला तर पुढच्या क्लेमला तोच आडवा येतो. चालू फुल विम्याचं नूतनीकरण मुदत संपायच्या आत केलं तर सहसा गाडी दाखवावी लागत नाही. संपून गेली असेल तर फुल विम्यासाठी कंपनी गाडी तपासू शकते, बहुतेक मोबाईलवर व्हिडिओ मागतात, नंबर प्लेट, चासी नंबर, चारी बाजू आणि आधीचे ओरखडे स्पष्ट दिसले पाहिजेत. 90 दिवसांच्या वर खंड पडला की एनसीबी गेला. आणि मधल्या काळात झालेला अपघात नव्या पॉलिसीत येत नाही, म्हणून पॉलिसी हातात आली की सुरू होण्याची तारीख आणि वेळ वाचा, मगच गाडी बाहेर काढा.

पैसे भरल्यावर दोन दिवसांनी एमपरिवहन ॲपवर गाडी नंबर टाकून विम्याची तारीख दिसते का बघा. तिथं नाही दिसली तर कंपनीच्या नंबरवर पॉलिसी नंबर सांगून खात्री करा, एजंटला फोन करून नाही, कारण खोट्या पॉलिस्या छापून देणारेही बाजारात आहेत. डिजिलॉकरमध्ये आरसी आणि पॉलिसी टाकून ठेवली तर पोलिसांना तीच चालते.

क्लेमची वेळ आली तर गाडी गॅरेजला खोलायच्या आधी कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर बघून जाऊ द्या, आधी दुरुस्त करून नंतर बिल दिलं तर क्लेम अडू शकतो. चोरीला लगेच एफआयआर, मग पोलिसांचा ए समरी अहवाल लागतो, तपास लागला नाही असं त्यात असतं, आणि दोन्ही चाव्या. दुसरी चावी घरात कुठं आहे ते आजच शोधून पॉलिसीच्या फाईलला बांधून ठेवा.