उत्पादन शुल्क (एक्साइज) आणि विक्रीकर

उत्पादन शुल्क म्हणजे एक्साइज, हा माल देशात तयार झाला म्हणून लागणारा कर. विक्रीकर किंवा आत्ताचा व्हॅट लागतो तो माल विकला म्हणून. ऐकायला सोपंय, पण गोंधळ होतो कारण शेवटी दोन्ही आपल्याच खिशातून जातात आणि पंपावरच्या एका भावात दोन्ही मिसळलेले असतात. म्हणून पेट्रोलचंच उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे हा फरक कोर्टात पहिल्यांदा ठरला तोही पेट्रोलवरच, आणि तेही नागपूरच्या कायद्यावरून.

1938 साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारने पेट्रोल आणि वंगणाच्या किरकोळ विक्रीवर किमतीच्या 5 टक्के कर लावला. तेव्हा 1935 च्या कायद्याप्रमाणे देशात बनलेल्या मालावर एक्साइज लावायचा हक्क केंद्राचा आणि विक्रीवर कर लावायचा हक्क प्रांतांचा होता. केंद्राचं म्हणणं पडलं की पेट्रोल इथेच बनतं, मग ते कारखान्यातून निघून ग्राहकाच्या टाकीत जाईपर्यंत कुठेही कर लावला तरी ती एक्साइजच. प्रकरण फेडरल कोर्टाकडे गेलं, सर मॉरिस ग्वायर, सुलेमान आणि आपले मुकुंदराव जयकर असे तीन न्यायाधीश होते, आणि तिघांनीही कर वैध ठरवला. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की केंद्राचं ऐकलं असतं तर देशात बनलेल्या मालापुरता तरी प्रांतांचा विक्रीवरचा हक्क फक्त कागदावर राहिला असता.

पण मग बनवणारा आणि पहिल्यांदा विकणारा एकच असेल तर? हा पेच 1942 मध्ये मद्रासच्या बोद्दू पैडण्णा खटल्यात आला, तिथे शेंगदाण्याचं तेल आणि पेंड बनवणाऱ्यांवर पहिल्या विक्रीचा कर होता. कोर्टाने सांगितलं की विकण्याआधी माल बनवावा लागतो हे खरं, पण विक्रीकर द्यायचा तो विकल्याबद्दल, बनवल्याबद्दल नाही. त्याने सगळा माल फुकट वाटला तर विक्रीकर शून्य. एक्साइजचं तसं नाही, माल फुकट वाटला तरी तो बनलेला असतोच. दोन करांमधला फरक ओळखायला याच्याइतकी चांगली कसोटी नाही.

आता एक खाचखळगा. एक्साइजचं देणं माल तयार होताच लागू होतं, पण वसुली सोयीसाठी माल कारखान्याच्या किंवा रिफायनरीच्या गेटबाहेर पडताना करतात, म्हणून लोकांना वाटतं की हा विक्रीचाच कर. तसं नाही, कारखान्याने आपलंच सूत आपल्याच मागावर वापरलं तरी, खास सूट नसेल तर, सुतावर एक्साइज लागू शकायची, विक्री कुठेच झालेली नसताना. आणि आग किंवा पुरात तयार माल गेटच्या आतच नष्ट झाला तर देणं आपोआप मिटत नाही, खात्याकडे माफीचा अर्ज करावा लागतो. विक्रीकरात हा प्रश्नच येत नाही, जे विकलंच नाही त्यावर कर कसला.

पंपावर हा फरक भाव बदलतो त्या रात्री दिसतो. 3 नोव्हेंबर 2021 ला, ऐन दिवाळीत, केंद्राने पेट्रोलवरची एक्साइज लिटरमागे 5 रुपये कमी केली, ती मध्यरात्रीपासून लागू. समजा एका पंपाच्या टाकीत तेव्हा 12,000 लिटर होतं. त्या पेट्रोलची जुनी एक्साइज रिफायनरीतून निघतानाच भरून झालेली, ती पंपमालकाने खरेदीच्या भावात दिलेली, आणि सकाळी विकायचं मात्र नव्या भावाने, म्हणजे नुसत्या एक्साइजपोटी 60,000 रुपयांचा फटका. भाव वाढतो तेव्हा उलट फायदाही होतो, तेही खरंच, पण सणाच्या तोंडावर ज्याने टाकी भरून ठेवली त्याला त्या रात्री त्याचा काय उपयोग.

दुसरा फरक हिशोबाचा. पेट्रोलवरची एक्साइज लिटरमागे ठरलेल्या रुपयांत असते, त्यामुळे कच्चं तेल महागलं तरी ती आपोआप वाढत नाही. राज्याचा व्हॅट मुख्यतः टक्क्यांत असतो आणि तो एक्साइज धरून झालेल्या किमतीवर लागतो, म्हणजे करावर कर. सोपे आकडे धरू: एक्साइजसकट भाव 80 रुपये आणि व्हॅट 25 टक्के, तर ग्राहकाला पडतात 100. एक्साइज 8 रुपयांनी घटली तर 72 वर व्हॅट 18, एकूण 90. केंद्राने 8 सोडले, ग्राहकाचे 10 वाचले, आणि वरचे 2 राज्याच्या तिजोरीतून गेले, राज्याने काहीही न ठरवता.

1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर बहुतेक मालावरची केंद्रीय एक्साइज आणि व्हॅट दोन्ही गेले, पण पेट्रोल आणि डिझेल बाहेर ठेवले गेले. दारूचं वेगळंय, पिण्याच्या दारूवरची एक्साइज घटनेनेच राज्यांना दिलेली आहे, म्हणून आपल्याकडे ‘राज्य उत्पादन शुल्क’ नावाचं खातं दिसतं. पेट्रोलच्या एक्साइजशी त्या खात्याचा संबंध नाही.