रोजची क्वार्टर आणि हृदयाची डावी बाजू

आधी क्वार्टरमध्ये नेमकं किती अल्कोहोल असतं ते पाहू. आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्की, रम आणि ब्रँडीच्या बाटल्यांवर ४२.८ टक्के हा आकडा असतो, गोव्याच्या बऱ्याच फेणीच्या बाटल्यांवरही तोच. १८० मिलीचे ४२.८ टक्के म्हणजे ७७ मिली शुद्ध अल्कोहोल. ते पाण्यापेक्षा हलकं असल्याने वजनात साधारण ६० ग्रॅम भरतं. ६० मिलीच्या एका मोठ्या पेगमध्ये २० ग्रॅम येतं. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली ४१ ग्रॅमची असते, म्हणजे दीड बाटलीत क्वार्टर पूर्ण होते. ‘मी फक्त बिअर घेतो’ या वाक्याने हृदयाला काहीही फरक पडत नाही.

हा हिशेब करण्याचं कारण असं की परदेशी संशोधनात ‘एक ड्रिंक’ १० ते १४ ग्रॅमचं धरतात. आपला एक मोठा पेग म्हणजे त्यांची दीड ते दोन ड्रिंक. ‘रोज दोन ड्रिंक’ असं वाचून आपण दोन मोठे पेग डोळ्यांसमोर आणतो, तिथेच मोठी गफलत होते.

आता ४८ वर्षांचा एक माणूस उदाहरणासाठी धरू. पंधरा वर्षांपासून संध्याकाळी रोज एक क्वार्टर. कधी तोल जात नाही, कामावर खाडा नाही, लिव्हरचे रिपोर्टही बरे. त्याच्या हृदयात काय चाललेलं असतं, ते रक्तदाबापासून पाहू या.

दारू आणि रक्तदाबाचं नातं १९१५ मध्येच लक्षात आलं होतं. कामिय लियाँ या फ्रेंच डॉक्टरांनी पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची तपासणी केली, तेव्हा रोज अडीच लिटरहून जास्त वाइन पिणाऱ्यांमध्ये वाढलेला रक्तदाब इतरांपेक्षा बराच जास्त आढळला. पण अलीकडच्या अभ्यासांनी दाखवलेली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे: अशी वाढ दिसायला अडीच लिटर लागत नाहीत. १९,००० हून अधिक लोकांच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात न पिणाऱ्यांच्या तुलनेत रोज १२ ग्रॅम घेणाऱ्यांचा वरचा आकडा सरासरी सव्वाने आणि ४८ ग्रॅम घेणाऱ्यांचा जवळपास पाचने जास्त निघाला. ज्याच्या खाली काहीच परिणाम नाही, अशी पातळी त्यात दिसली नाही. पाच हा सरासरी आकडा आहे. एखाद्या माणसात फरक याहून बराच मोठा असू शकतो.

फसवणूक होते ती वेळेमुळे. भरपूर दारू घेतल्यावर पहिले काही तास रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. साधारण बारा तास उलटले की तो चढू लागतो. शरीराची धावपळीची मज्जासंस्था चेतलेली असते, नाडी जलद असते, मीठ आणि पाणी धरून ठेवणारी संप्रेरकं वाढलेली असतात आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर त्यांना सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड कमी बनवतं. आपल्या माणसाने रात्री पेग झाल्यावर हौसेने मशीन लावलं तर १२८/८० येऊ शकतं आणि दारूने बीपी उतरतं अशी त्याची खात्री पटते. त्याच माणसाचं सकाळी सातचं रीडिंग १४८/९४ असू शकतं. पुढच्या पेगपर्यंतचा बाकीचा दिवस त्या चढत्या दाबातच जातो.

म्हणून मोजायचं ते सकाळी. चहा आणि बीपीची गोळी घेण्यापूर्वी, लघवीला जाऊन आल्यावर, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसायचं. पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला आणि पट्टा उघड्या दंडावर. एका मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग घ्यायची. रात्रीचं रीडिंग हवंच असेल तर ते पिण्याआधी घ्यावं. असं सात दिवस लिहून पहिला दिवस सोडून द्यायचा आणि बाकीच्यांची सरासरी काढायची. घरच्या मोजणीत ही सरासरी १३५/८५ किंवा जास्त असेल तर बीपी वाढलेलं आहे. तीन गोळ्या घेऊनही दाब ताब्यात येत नसेल, तर चौथी लिहून घेण्याआधी डॉक्टरांना दारूचं प्रमाण ग्रॅममध्ये सांगावं. ‘अधूनमधून’ या उत्तरावरून त्यांना काहीच ठरवता येत नाही.

हा दाब हृदयात सगळ्यात आधी सोसावा लागतो तो खालच्या डाव्या कप्प्याला, कारण शरीरभर रक्त ढकलण्याचं काम त्याचं. वर्षानुवर्षं जास्त दाबाविरुद्ध ढकलून त्याची भिंत जाड आणि ताठर होते. ताठर कप्पा नीट सैल होत नाही आणि भरायला जास्त जोर लागतो. हा जोर लावायचा असतो वरच्या डाव्या कप्प्याने. तो मुळात पातळ भिंतीचा, त्यामुळे हळूहळू ताणला जाऊन मोठा होतो आणि त्याच्या स्नायूंमध्ये चट्टे पडतात. शिवाय अल्कोहोल या कप्प्याच्या पेशींवर थेटही काम करतं. विजेचा संदेश सरळ पुढे जाण्याऐवजी चट्ट्यांना वळसे घालत गोल फिरू लागतो आणि कप्पा आकुंचन पावण्याऐवजी नुसता थरथरतो. ए-फिब म्हणतात ते हेच.

सुट्टीत किंवा सणासुदीला भरपूर पिऊन छातीत धडधड घेऊन येणारे रुग्ण डॉक्टरांच्या ओळखीचे असतात. अमेरिकेतल्या फिलिप एटिंगर आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये त्याला ‘हॉलिडे हार्ट’ हे नाव दिलं. पण ए-फिबसाठी एका रात्रीचा अतिरेकच लागतो, हा समज खरा नाही. युरोपातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रोज फक्त १२ ग्रॅम घेणाऱ्यांमध्ये ए-फिबचा धोका न पिणाऱ्यांपेक्षा १६ टक्क्यांनी जास्त दिसला. बारा ग्रॅम म्हणजे लहान पेगपेक्षा थोडं जास्त. ‘थोडी घेतलेली हृदयाला चांगली’ हे वाक्य अजूनही सर्रास ऐकू येतं. निदान ठोक्याच्या बाबतीत त्याला आधार नाही.

ए-फिबचा खरा धोका धडधडीत नसतो. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं, त्याची गुठळी होते, ती सुटून मेंदूत जाते आणि पक्षाघात होतो. ए-फिब असलेल्यांत ही शक्यता साधारण पाचपट असते आणि अनेकांना त्याआधी काही जाणवलेलंही नसतं. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी पाहा. श्वासाबरोबर ती किंचित जलद-मंद होणं ठीक, अधूनमधून एखादा ठोका चुकणंही बहुधा चालतं. पण कोणत्याच दोन ठोक्यांत सारखं अंतर नसेल, किंवा बीपीच्या मशीनवर अनियमित ठोक्याची खूण पुन्हा पुन्हा येत असेल, तर तशी नाडी सुरू असतानाच ईसीजी काढून घ्यावा. दुसऱ्या दिवशी ठोका सरळ झालेला असला तर कागदावर काही सापडत नाही. मग चोवीस तास किंवा त्याहून जास्त वेळ होल्टर, म्हणजे ठोके सतत नोंदवणारं अंगावरचं छोटं यंत्र, लावावा लागतो.

दारू थांबवल्याने ए-फिबमध्ये काय फरक पडतो, याचं स्वच्छ उत्तर ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीने २०२० मध्ये दिलं. आधी ए-फिब झालेले आणि नियमित पिणारे १४० जण घेतले. निम्म्यांना दारू सोडायला सांगितलं, निम्म्यांना नेहमीसारखं चालू ठेवायला. सोडणाऱ्या गटाची दारू आठवड्याला सुमारे सतरा ड्रिंकवरून दोनवर आली. सहा महिन्यांत चालू ठेवणाऱ्यांपैकी ७३ टक्के जणांना ए-फिब परत आलं, सोडणाऱ्यांपैकी ५३ टक्के जणांना. आपल्या मापात ती सतरा ड्रिंक म्हणजे आठवड्याला दहा मोठे पेग. आपला माणूस रोज तीन घेतो, म्हणजे आठवड्याला एकवीस.

तिसरा परिणाम खुद्द स्नायूवर होतो. अल्कोहोल आणि त्यातून बनणारं ॲसिटाल्डिहाइड हृदयाच्या पेशीतली ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया बिघडवतात, आकुंचनासाठी लागणाऱ्या कॅल्शियमची ये-जा विस्कटतात आणि नवी स्नायू-प्रथिनं बनणं मंदावतं. पेशी मरत जातात आणि डावा खालचा कप्पा जुन्या इलॅस्टिकसारखा सैल पडून फुगतो. हा आजार साधारणपणे रोज ८० ग्रॅम किंवा जास्त, असं निदान पाच वर्षं पिणाऱ्यांत दिसतो, म्हणजे सव्वा क्वार्टरच्या थोडं वर. पण ही काही सुरक्षिततेची रेषा नाही. स्पेनमधल्या १९८९ च्या अभ्यासात आयुष्यभरात एकूण किती अल्कोहोल पोटात गेलं, त्या प्रमाणात हृदयाची ताकद कमी झालेली दिसली. स्त्रियांमध्ये हेच नुकसान कमी मात्रेत होतं. शिवाय असा आजार झालेल्या सुमारे दहापैकी एका रुग्णात टायटिन या स्नायू-प्रथिनाच्या जनुकात दोष सापडतो. त्यामुळे शेजारचा तेवढीच पिऊन ठणठणीत राहतो, यावरून स्वतःबद्दल काही ठरवता येत नाही.

सुरुवातीला लक्षणं नसतात. नंतर जिना चढताना दम लागतो, रात्री झोपेतून गुदमरून उठावं लागतं, संध्याकाळी बूट घट्ट होतात. अनेकजण याला वय किंवा ॲसिडिटी समजतात. टू-डी इकोच्या रिपोर्टमध्ये तीन गोष्टी पाहाव्यात: इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे डावा खालचा कप्पा दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो तो आकडा, जो सहसा ५५ ते ७० टक्के असतो, डाव्या खालच्या कप्प्याचा आकार, आणि डाव्या वरच्या कप्प्याचा आकार. पहिला आकडा शाबूत असूनही तिसरा वाढलेला असू शकतो. आपल्या उदाहरणातल्या माणसात बहुधा तेच दिसेल, कारण ताण आधी तिथे साठतो.

यातलं बरंच काही परत फिरतं. बीपी काही आठवड्यांतच उतरू लागतं. रोज सुमारे ७० ग्रॅमहून जास्त घेणाऱ्यांनी दारू निम्मी केली तेव्हा वरचा आकडा सरासरी साडेपाचने खाली आला. बीपीच्या एका गोळीने तो साधारण नऊने येतो. स्नायूला महिने लागतात. दारू बंद करून हार्ट फेल्युअरची औषधं घेतल्यावर अनेकांचं इजेक्शन फ्रॅक्शन ३० वरून ४५-५० च्या घरात येतं, म्हणून इको पुन्हा तीन ते सहा महिन्यांनी करतात. वरच्या कप्प्यात पडलेले चट्टे मात्र पुरते जात नाहीत.

रोज क्वार्टर किंवा जास्त घेणाऱ्याने एका झटक्यात घरीच सोडू नये. सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत हात थरथरणं, घाम, भास, फिट येणं आणि बीपी एकदम चढणं हे सगळं होऊ शकतं. डॉक्टर या दिवसांसाठी शामक गोळ्या ठरावीक क्रमाने कमी करत देतात, बी-१ जीवनसत्त्व सुरू करतात आणि रक्तातलं पोटॅशियम व मॅग्नेशियम तपासतात. पिणाऱ्यांमध्ये ही दोन्ही बरेचदा कमी असतात आणि त्यांच्या कमतरतेनेही ठोका बिघडतो.

इको सुधारला म्हणून औषधं मनानेच बंद करणं ही नंतर घडणारी नेहमीची चूक. सैल पडलेलं हृदय औषधांनी पूर्ववत झालेल्या रुग्णांची गोळ्या थांबवून ब्रिटनमध्ये चाचणी झाली होती. तिचे निष्कर्ष २०१८ च्या शेवटी आले: सहा महिन्यांत त्यांतल्या सुमारे ४० टक्के जणांचं हृदय पुन्हा ढिलावलं. ते सगळे दारूमुळे आजारी पडलेले नव्हते. पण सुधारलेला आकडा म्हणजे पूर्ण बरं झालेलं हृदय नव्हे, हे दारूने बिघडलेल्या हृदयालाही तितकंच लागू आहे. कोणती गोळी कधी कमी करायची, हे पुढच्या इकोनंतर हृदयरोगतज्ज्ञांनीच ठरवावं.