हप्ता थांबवणं वेगळं, हप्ता कमी करून घेणं वेगळं

नाशिकच्या सातपूर-अंबडकडे कुणाची नोकरी गेली की बँकेला द्यायचा अर्ज बघायला लोक माझ्याकडे येतात, आणि त्यात तेच वाक्य असतं: 'सहा महिने हप्ते थांबवावेत, सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.' हे वाक्य मी दर वेळी खोडतो. मार्च ते ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती, ती अजून सगळ्यांच्या डोक्यात आहे. तेव्हाही व्याज थांबलं नव्हतं.

गोंधळ इथंच होतो. हप्ता थांबला तरी व्याज चालूच राहतं.

समजा, घरकर्जाचे २० लाख बाकी आहेत, व्याज ९ टक्के, मुदत अजून १५ वर्षं. हप्ता साधारण २०,२८५ रुपये. त्यातले पहिल्या महिन्यात १५,००० रुपये नुसतं व्याज असतं, मुद्दल फिटतं ते उरलेलं. सहा महिने काहीच भरलं नाही आणि व्याज मुद्दलात मिळवलं, तर बाकी सुमारे २०,९१,७०० होते. पुढे जुनाच हप्ता ठेवला तर कर्ज मूळ तारखेपेक्षा जवळपास दोन वर्षं उशिरा फिटतं.

आता तेच सहा महिने १५,००० भरा. व्याज भागतं, बाकी २० लाखांवरच राहते, आणि कर्ज फक्त सहा महिने लांबतं.

म्हणून अर्ज लिहिण्याआधी बँकेतून चालू महिन्याचं व्याज किती ते विचारून घ्या आणि जमत असेल तर तोच आकडा मागा. दहाच हजार जमणार असतील तर दहा लिहा, पण मग बाकी सहा महिन्यांत तीस हजारांच्या वर वाढेल हे धरून चला. न झेपणारा आकडा लिहिणं सगळ्यांत वाईट.

मी असं लिहून देतो: 'अमुक तारखेला नोकरी गेली. पत्नीच्या पगारातून दरमहा १५,००० रुपये भरू शकतो. पुढील सहा महिने हप्ता तेवढा ठेवावा व कर्जाची मुदत त्या प्रमाणात वाढवावी.' सोबत कामावरून कमी केल्याचं पत्र आणि खात्याचा उतारा. पत्ता, विषय, खाते क्रमांक हे सगळ्यांना येतं.

अर्ज दिला म्हणजे हप्ता कमी झाला, असं मात्र नाही. लेखी मंजुरी येईपर्यंत जुनाच हप्ता लागू असतो. खात्यात पंधराच हजार ठेवले तर पूर्ण हप्त्याची आपोआप वजावट परत जाते, दंड लागतो, आणि थकबाकी ९० दिवसांपुढे गेली की खातं बुडीत वर्गात जातं. त्यामुळे पहिला हप्ता चुकायच्या आधी शाखेत जा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. मंजुरी मिळाली तरी क्रेडिट अहवालात पुनर्रचनेची नोंद पडू शकते आणि नवं कर्ज काही काळ अवघड जातं. दोन-तीन हप्ते पुरतील एवढी शिल्लक असेल आणि नवी नोकरी जवळपास ठरली असेल, तर मी अर्ज करूच नका म्हणतो.