विधाने वेचणे (सभेतील भाषण)

सभेतल्या भाषणाच्या लिखित प्रतीतून, पुरावा पाहून खरे किंवा खोटे ठरू शकेल असे प्रत्येक विधान वेगळे काढून त्याची यादी करणे. खरे-खोटे पाहणे हे पुढचे काम असून ते शक्यतो दुसऱ्याने करावे. बेळगाव सीमाभागात या यादीला ‘दावे’ म्हणू नये. इथे ‘दावा’ म्हटले की महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला सीमाप्रश्नाचा दावाच डोळ्यांसमोर येतो.

नमुन्यासाठी रचलेला एक उतारा घेऊ: “महाजन आयोगानं अडुसष्ट साली अहवाल दिला. बेळगाव दिलं नाही, पण २६४ गावं महाराष्ट्राला द्या म्हणाला. त्यातलं एक तरी गेलं का? आपली साडेआठशे गावं अजून इथंच खितपत पडलीत. पण यंदा न्याय मिळणारच!”

पहिल्या वाक्यात एक विधान आहे, तर दुसऱ्यात दोन. ती तोडून लिहावी लागतात, कारण त्यांतले एक खरे आणि दुसरे खोटे असू शकते. तिसरे वाक्य दिसायला प्रश्न असले, तरी सभेत त्याचे उत्तर कुणी देणार नसते. ‘२६४ पैकी एकही गाव महाराष्ट्रात गेले नाही’ हेच वक्ता सांगतो आहे, तेव्हा ते यादीत येते आणि मूळ वाक्य शेजारी राहते. ‘गावे अजून कर्नाटकात आहेत’ हे तपासता येते. ‘खितपत’ मोजायचे कशाने? ते गळते. ‘न्याय मिळणारच’ हे भाकीत असल्याने तेही गळते.

खरी अडचण माहीतगारालाच येते. महाराष्ट्राची मागणी ८६५ गावांची आहे हे त्याला पाठ असते, म्हणून ‘साडेआठशे’चे ८६५ करायला हात शिवशिवतो. तसे करू नये. ढोबळ आकडा ढोबळच ठेवावा. तो किती जवळचा हे तपासणारा पाहील. सालाचेही तसेच. महाजन अहवाल १९६७ चा. पण यादीत मुकाट्याने ६७ लिहिले तर वक्त्याची चूक झाकली जाते आणि कंसात ‘चूक’ लिहिले तर निवाडा होतो. आधी ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकावे, कारण कर्ण्याच्या खरखरीत ‘सदुसष्ट’ आणि ‘अडुसष्ट’ यांची गल्लत सहज होते. वक्ता अडुसष्टच म्हणाला असेल तर यादीत १९६८ राहते, पुढे भाषणातली मिनिट-सेकंदाची वेळ.

निवाडा एखाद्या शब्दातूनही शिरतो. ‘एकही गाव गेले नाही म्हणे’ असे लिहिले की शंका घेऊन झाली. ‘वक्त्याने दाखवून दिले’ लिहिले की पसंती दिली. ‘म्हणाले’ पुरते. वक्ता मध्येच कन्नडमध्ये बोलला असेल तर ते वाक्य कन्नडमध्येच उतरवून खाली मराठी अर्थ देतात, कारण तपासणाऱ्याला शेवटी मूळ शब्दच लागतात.